जकात बंदरावर, भरणा मागावर

(सोलापूर येथे व्यापारी, कारखानदार व यंत्रमागधारकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत विणला जाणारा टॉवेल ऑगस्ट २०२५ मध्ये एकाएकी आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय बनला. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयात शुल्क लावले आणि २७ ऑगस्टपासून ते ५० टक्क्यांवर नेले. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून दोन परस्परविरोधी विधाने एकाच पानावर वाचायला मिळत होती. हे शुल्क भारत भरणार, असे अमेरिकेचे राज्यकर्ते सांगत होते, तर ते अमेरिकन ग्राहकच भरणार, असे आपल्याकडील काही पंडित सांगत होते. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. ते अर्धे कुठे संपते आणि दुसरे अर्धे कुठे सुरू होते, हे साध्या अंकगणिताने दाखवता येते.

कायद्याच्या दृष्टीने शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार. बंदरावर माल उतरला की तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे पैसे त्यालाच जमा करावे लागतात. सोलापूरच्या कारखानदाराने अमेरिकन सरकारला एक छदामही द्यायचा नसतो. परंतु पावती कोणाच्या नावाने फाटते आणि भार कोणाच्या खांद्यावर पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, टॉवेलांच्या एका गठ्ठ्याची किंमत १०० आहे, आणि पाकिस्तानातला कारखाना तसाच गठ्ठा १०० लाच देतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानी मालावर १९ टक्के शुल्क ठेवले. म्हणजे तो गठ्ठा आयातदाराच्या गोदामात ११९ ला पोहोचणार आणि सोलापूरचा १५० ला. आता सोलापूरला गिऱ्हाईक टिकवायचे असेल, तर ५० टक्के शुल्क धरून किंमत ११९ वर येईल असा भाव द्यावा लागेल. तो भाव निघतो सुमारे ७९. याचा अर्थ असा की, १०० ते ११९ मधला १९ चा भार अमेरिकन ग्राहकावर किंवा तिथल्या दुकानदारावर पडतो, आणि १०० वरून ७९ पर्यंत उतरण्याचा २१ चा भार सोलापूरवर. टॉवेलाच्या धंद्यात २१ टक्के नफा कोणाला सुटतो, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. जो इतके उतरू शकत नाही, त्याचा भार सुटीचे माग आणि घरी बसलेले कामगार या रूपाने भरला जातो.

हेच शुल्क सर्व देशांवर सारखे ५० टक्के असते, तर चित्र उलटे झाले असते. अमेरिकन आयातदाराला वळायला दुसरा देशच उरला नसता आणि बहुतेक भार तिथल्या गृहिणीच्या पिशवीवर गेला असता. करभाराचा हा पहिला नियम आहे: ज्याला दुसरा रस्ता आहे तो भारातून निसटतो, आणि ज्याला नाही त्याच्यावर तो येऊन बसतो.

हा नियम परक्यांच्या शुल्काला लागू आहे, तसाच आपण स्वतः लावलेल्या शुल्कालाही लागू आहे. परदेशी मालावर कर लावला की परदेशी माणूस दंड भरतो आणि स्वदेशी माणूस सुरक्षित राहतो, अशी एक भाबडी समजूत असते. सोलापूरचा कापडधंदा या समजुतीचे सुमारे सव्वाशे वर्षांचे उत्तर आहे.

इंग्रज सरकारला १८९४ मध्ये पैशांची चणचण होती, म्हणून त्याने विलायती कापडावर ५ टक्के आयात कर बसवला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी लगेच तक्रार केली. त्यांचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे, कारण त्यात स्वार्थ होता तसे अर्थशास्त्रही होते. त्यांचा मुद्दा असा: बाहेरच्या कापडावर कर बसला की बाजारातला भाव चढतो, आणि तो चढलेला भाव देशी गिरणीलाही मिळतो. विलायती कापडावरचा कर सरकारच्या तिजोरीत जातो, पण देशी कापडाच्या किमतीतली तेवढीच वाढ देशी गिरणीमालकाच्या खिशात जाते. हा लाभ पुसून टाकण्यासाठी १८९६ मध्ये सरकारने कापडावरचा आयात कर साडेतीन टक्क्यांवर आणला आणि हिंदुस्थानातल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी कर बसवला. सोलापूरच्या जुन्या गिरणीच्या कापडालाही हा कर लागला. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर परक्याच्या सोयीसाठी कर, हा अन्याय उघडा होता. विलायती कापडावर बहिष्काराची हाक त्या वेळी महाराष्ट्रात उठली ती यामुळेच, वंगभंगाच्या कितीतरी आधी. हा कर रद्द व्हायला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला आणि कायद्यातून तो १९२६ मध्ये गेला.

अन्याय बाजूला ठेवून यातला हिशेब मात्र लक्षात ठेवला पाहिजे. आयात शुल्क म्हणजे दोन वसुल्या असतात. एक बंदरावर होते आणि अंदाजपत्रकात दिसते. दुसरी देशात तयार झालेल्या प्रत्येक वारामागे बाजारात होते आणि कोणत्याही वहीत तिची नोंद नसते. लँकेशायरने ही दुसरी वसुली ओळखली होती. आपल्याकडे ती बहुधा विसरली जाते.

१८९६ च्या त्या व्यवस्थेत एक गोष्ट सोलापूरच्या हातमागवाल्याच्या पथ्यावर पडली होती. सुतावर ना आयात कर राहिला, ना अबकारी. हातमागवाला सूत कातत नाही, तो ते विकत घेतो. गिरणी मात्र स्वतःच कातते आणि स्वतःच विणते. हा फरक एरवी क्षुल्लक वाटेल, पण पुढचे सारे त्याच्यावर फिरते. तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्व भागात वसलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरोघरी माग होते. स्वस्त सूत मिळते तोवर ती कुटुंबे गिरणीच्या लुगड्यासमोर टिकून राहू शकत होती.

सुतावर १९२२ मध्ये ५ टक्के आयात कर आला. मग जपानी सुताची स्पर्धा वाढली, गिरण्यांनी संरक्षण मागितले आणि सरकारने टॅरिफ बोर्ड नेमले. बोर्डापुढे हातमागाचा प्रश्न आलाच होता. सुतावर शुल्क वाढवले तर विणकर चिरडला जाईल, हे जाणून बोर्डाच्या बहुमताने वेगळाच उपाय सुचवला: तलम सूत कातणाऱ्या गिरण्यांना सरकारने रत्तलामागे थेट अनुदान द्यावे. म्हणजे गिरणीला आधार मिळेल आणि सुताचा भाव चढणार नाही. पण अनुदानासाठी तिजोरीतून पैसे काढावे लागतात आणि शुल्काने तिजोरीत पैसे येतात. सरकारने अनुदान नाकारले आणि १९२७ मध्ये सुतावर रत्तलामागे दीड आणा किंवा किमतीच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते शुल्क बसवले.

‘जे जास्त असेल ते’ या शब्दांत खरी मेख होती. दीड आणा म्हणजे ५ टक्के केव्हा होतात? सुताचा भाव रत्तलाला ३० आणे असेल तेव्हा. त्याच्याहून महाग सुताला ५ टक्केच लागणार, पण स्वस्त सुताला दीड आणा. हिशेबासाठी सुताचा भाव २० आणे धरला, तर शुल्क साडेसात टक्के झाले. १५ आणे धरला, तर १० टक्के. सूत जितके स्वस्त, तितका कराचा टक्का मोठा. श्रीमंताच्या अतितलम वस्त्राला हलका कर आणि साध्या लुगड्याच्या सुताला भारी कर, अशी ही उतरती नव्हे, उलटी भाजणी होती.

आता एक लुगडे घेऊ. त्याला रत्तलभर सूत लागते असे धरू. सूत जपानहून आले असेल, तर दीड आणा सरकारात गेला. सूत इथल्या गिरणीचे असेल, तरी परदेशी सूत महागल्यामुळे गिरणी आपला भाव दीड आण्यापर्यंत चढवू शकते, म्हणजे तेवढे पैसे गिरणीकडे गेले. विणकराला दोन्हीकडून दीड आणा द्यावाच लागला. तो लुगड्याच्या किमतीत चढवावा, तर शेजारच्या दुकानात गिरणीचे लुगडे लटकलेले. गिरणीने सूत स्वतः कातलेले असल्याने तिच्या लुगड्याला हा दीड आणा लागलेलाच नाही. गिऱ्हाईक तिकडे वळेल या भीतीने विणकर भाव चढवू शकत नाही. उरते काय? त्याची आणि त्याच्या घरच्यांची मजुरी. परदेशी मालावर कर बसला, आणि तो भरला पूर्व भागातल्या विणकराने, कोणत्याही सरकारी पावतीशिवाय.

अर्थात प्रत्येक जातीच्या सुतात असेच घडले, असे म्हणणे अतिरंजित होईल. जाड्या सुतात हिंदी गिरण्या जवळजवळ स्वयंपूर्ण होत्या आणि त्यांची आपसात चढाओढ होती. तिथे शुल्क असूनही भाव फारसा चढू शकत नव्हता. चटका बसला तो ३० नंबरच्या पुढच्या सुतात, जिथे जपानी माल खरोखर येत होता. शुल्क कागदावर किती आहे यापेक्षा, शेवटची लागणारी गासडी बाहेरून येते की घरातूनच मिळते, यावर सारे अवलंबून असते. हा दुसरा नियम आजच्या कापसाच्या प्रश्नातही उपयोगी पडतो.

दरम्यान कोट्याचा विषय आला, आणि तो तर शुल्काहून फसवा. जपानी कापड रोखण्यासाठी सरकारने जून १९३३ मध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के आयात शुल्क लावले. ब्रिटिश कापडाला मात्र २५ टक्केच. संरक्षण हिंदी गिरणीला, पण त्याच्या आडोशाला लँकेशायरही उभे, अशी ती रचना. जपानच्या गिरण्यांनी उत्तर दिले ते कापडाने नव्हे. त्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणे बंद केले. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपानच होते. मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांना मिळालेल्या संरक्षणाचे बिल वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या दारी गेले. ज्याने आयुष्यात जपानी कापड पाहिलेही नसेल, त्याच्या कापसाला गिऱ्हाईक राहिले नाही.

सिमल्यात आणि दिल्लीत महिनोन्‌महिने वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९३४ मध्ये तडजोड ठरली. शुल्क ५० टक्क्यांवर आले आणि जपानी कापडाला वर्षाला साडेबत्तीस कोटी वारांची मर्यादा पडली. ही मर्यादा कापसाशी बांधलेली होती. जपानने १० लाख गासड्या हिंदी कापूस घेतला, तर साडेबत्तीस कोटी वार, आणि १५ लाख गासड्या घेतल्या तर ४० कोटी वारांपर्यंत कापड पाठवता येईल. शेतकऱ्याचे नुकसान शुल्कामुळेच होत होते, ही गोष्ट त्या कराराने स्वतःच्या कलमांतून मान्य केली, असे म्हणायला हरकत नाही.

कोटा आणि शुल्क यांत फरक कोणता? दोन्हींमुळे माल कमी येतो आणि भाव चढतो. पण शुल्कात चढलेल्या भावाचा एक भाग निदान सरकारच्या तिजोरीत पडतो आणि त्यातून रस्ता किंवा शाळा होण्याची आशा तरी असते. कोट्यात तो फरक ज्याच्या हाती परवाना आहे त्याच्या खिशात जातो. सोलापूरकरांनी हे अगदी अलीकडेपर्यंत अनुभवले. अमेरिकेने आणि युरोपने कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. अमेरिकेच्या यादीत टेरी टॉवेलाचा वर्ग होता ३६३ क्रमांकाचा. देशाच्या वाट्याला आलेला कोटा आपल्याकडे मुख्यतः मागील निर्यातीच्या प्रमाणात वाटला जाई आणि तो दुसऱ्याच्या नावे करून देता येई. परिणामी ज्याच्याकडे जुना कोटा होता, त्याने एक धागाही न विणता केवळ कागद विकून पैसे मिळवावेत, आणि ज्याच्याकडे नवे माग, नवी जिद्द होती त्याने आधी तो कागद विकत घ्यावा, अशी स्थिती आली. अमेरिकन गृहिणी टॉवेलाला जादा पैसे देत होती, ते ना तिच्या सरकारला मिळत होते, ना विणणाऱ्या हाताला. ही व्यवस्था ३१ डिसेंबर २००४ रोजी जगभर संपली.

आता आजच्या कापसाकडे यावे लागेल, कारण इथे सोलापूर स्वतःच्याच देशाच्या शुल्काच्या पलीकडच्या टोकाला उभे आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर आयात शुल्क आले. ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत विकास उपकर आणि या दोहोंवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून ११ टक्के. हेतू कापूस उत्पादकाला आधार देण्याचा होता आणि तो हेतू वाईट नव्हता. सोलापुरातले अनेक जण तेव्हा म्हणाले, ‘टॉवेलाला जाडे सूत लागते, ते देशी कापसाचे. आपला याच्याशी संबंध काय?’ संबंध तोच, जो विणकराचा दीड आण्याशी होता.

परदेशी कापूस कुठल्याही शुल्काविना इथल्या गिरणीत खंडीला ५५,००० रुपयांना पडतो, असे हिशेबासाठी धरू. खंडी म्हणजे ३५६ किलो. ११ टक्क्यांनी ६,०५० रुपये वाढले आणि तो ६१,०५० ला गेला. देशात कापूस कमी पडणारे वर्ष असेल, तर देशी कापसाचा भावही ६१,००० पर्यंत चढू शकतो, कारण गिरणीला त्याखाली दुसरा पर्याय नाही. खंडीमागे ६,०५० म्हणजे किलोमागे १७ रुपये. किलोभर सूत काढायला घट धरून किलोहून थोडा अधिक कापूस लागतो, तेव्हा सुतात साधारण २० रुपयांची वाढ झाली. अंघोळीच्या एका मोठ्या टॉवेलाचे वजन अर्धा किलो धरले, तर टॉवेलामागे १० रुपये. बहुतेक वर्षी देशातल्या कापसाच्या वापरात परदेशी कापसाचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी राहिला आहे. म्हणजे दहा टॉवेलांत एखाद्याचे १० रुपये सरकारला मिळतात, बाकी नऊ टॉवेलांचे बाजारात वाटले जातात.

ते कोणाला मिळतात, हा सर्वांत अवघड प्रश्न. शेतकऱ्याला मिळत असतील तर सोलापूरने कुरकुर करू नये, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यही ठरेल. पण आपला लहान कापूस उत्पादक ऑक्टोबरपासून संक्रांतीच्या आगेमागे माल विकून मोकळा होतो. उधारी, मजुरी, मुलीचे लग्न, काहीही थांबत नाही. कापसाची टंचाई जाणवते उन्हाळ्यात. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत भाव खंडीला १ लाख रुपयांच्या घरात गेला, तेव्हा बहुतेक कापूस शेतकऱ्याच्या घरातून केव्हाच निघून जिनिंग, व्यापारी आणि साठेदार यांच्याकडे गेलेला होता. ती तेजी जगभरची होती, हेही खरे. परंतु त्या तेजीवर ११ टक्क्यांचे जे ओझे आपण आपल्या हाताने ठेवले होते, त्याचा लाभ बियाणे पेरणाऱ्याला मिळाला, असे म्हणता येत नाही. सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क उठवले आणि ती सवलत त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत चालली.

उलट, देशात कापूस भरपूर असेल आणि आपण निर्यात करत असू, त्या वर्षी ११ टक्के शुल्क म्हणजे भिंतीवर टांगलेली पाटी. भाव जागतिक बाजारातून वाहतूक खर्च वजा जाऊन ठरतो. शुल्काने शेतकऱ्याला काही मिळत नाही आणि गिरणीचे काही जात नाही. त्याला तेव्हा तारतो तो हमीभाव, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदी, आणि तिचा खर्च सरकार उघडपणे तिजोरीतून करते.

शुल्क उठवण्याची वेळही निर्दोष नसते. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे आयात शुल्क पुन्हा माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकन शुल्काने घायाळ झालेल्या कापड निर्यातदाराला दिलेला तो दिलासा होता, आणि सोलापूरला त्याची गरज होती. पण दिनदर्शिका पाहावी. पेरणी जूनमध्ये झाली, तेव्हा शुल्क होते. शेतकऱ्याने खर्च केला तो त्या हिशेबाने. बोंडे फुटून कापूस बाजारात आला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, नेमक्या त्याच काळात परदेशी कापसाला दार सताड उघडे. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्याला खरेदी केंद्रावर पोहोचता आले, त्याला तो मिळाला. ज्याला नाही, त्याने व्यापाऱ्याच्या भावाने विकला. वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या शुल्काचा एक हप्ता अशा रीतीने मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने भरला.

कारखानदाराला, यंत्रमागधारकाला किंवा शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याला एखादे शुल्क खरोखर चावते आहे की नाही, हे स्वतः तपासता येते. त्यासाठी जागतिक बाजारातला कापसाचा भाव घ्यावा, त्यात मुंबई बंदरापर्यंतचे भाडे मिळवावे आणि त्याच दर्जाच्या देशी कापसाचा भाव शेजारी मांडावा. देशी भाव या बेरजेहून खाली असेल, तर शुल्काचा गाजावाजा व्यर्थ. तो शुल्कासह येणाऱ्या किमतीला भिडला असेल, तर शुल्क पुरेपूर वसूल होते आहे असे समजावे. मग पुढचा प्रश्न विचारावा की, त्या तारखेला कापूस कोणाच्या गोदामात आहे. हे उत्तर जिनिंगच्या आणि बाजार समितीच्या आवकेच्या आकड्यांत सापडते, आणि ते आकडे मे महिन्यात पाहावेत, डिसेंबरमध्ये नव्हे.

शंभर वर्षांपूर्वी टॅरिफ बोर्डाने सुचवलेला अनुदानाचा मार्ग सरकारने नाकारला, तो महाग होता म्हणून. वास्तविक तो अधिक महाग नव्हता, फक्त दिसणारा होता. रत्तलामागे आणाभर अनुदान दिले असते, तर दरवर्षी विधिमंडळात कोणीतरी उठून विचारले असते की किती गेले आणि कोणाला गेले. दीड आण्याच्या शुल्काबद्दल असा प्रश्न विचारायला पूर्व भागातल्या विणकराला विधिमंडळात जागा नव्हती.